कॉन्झर्व्हेटरीच्या अर्जासाठी पियानो शिक्षकाचं शिफारसपत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात गेली बावीस वर्षं पियानो शिकवते. ऑगस्ट-सप्टेंबर आला की विद्यार्थी, त्यांचे आई-वडील आणि हल्ली इतर शिक्षकसुद्धा मला तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बहुतेक उत्तरं अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटरींच्या, म्हणजे संगीत महाविद्यालयांच्या, पदवी प्रवेशाला धरून आहेत, कारण माझे विद्यार्थी तिकडेच जास्त अर्ज करतात. ब्रिटनसाठी वेगळा प्रश्न घेतला आहे.

निवड तर ऑडिशनवर होते. मग पत्राला विचारतो कोण?

निवड ऑडिशनवरच होते, हे खरं. वाजवणं कच्चं असेल तर कुठलंही पत्र तारून नेत नाही. पण ऑडिशनला मिळतात दहा-पंधरा मिनिटं, आणि ऑडिशनच्या आधीच्या चाळणीसाठी मागतात त्या प्रीस्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये तर चांगला टेक निवडून पाठवलेला असतो. त्यातून परीक्षकांना आजचं वाजवणं ऐकू येतं. हा पीस बसवायला दोन महिने लागले की दोन वर्षं, हे ऐकू येत नाही. चूक दाखवली तर मुलगा पुढच्या आठवड्यात ती सुधारून येतो की तीच घेऊन येतो, शिक्षक बदलला तर याचं काय होईल, हेही नाही. तिथला प्राध्यापक एका विद्यार्थ्याला चार वर्षं दर आठवड्याला समोर बसवणार असतो, त्यामुळे त्याला नेमकं हेच हवं असतं. पत्र त्यासाठी आहे. वाजवण्याची तारीफ पत्रात केली तर ती वायाच जाते, कारण वाजवणं ते स्वतः ऐकणार आहेत.

पत्र कुणाकडून घ्यावं? एका मोठ्या पियानोवादकाच्या मास्टरक्लासला मी वाजवलं होतं.

सध्याच्या शिक्षकाकडून. मास्टरक्लासमध्ये वीस मिनिटं भेटलेला माणूस कितीही नावाजलेला असला तरी त्याला लिहिण्यासारखं एकच वाक्य सापडतं, आणि ते वाचणाऱ्यालाही कळतं. दुसरं पत्र मागितलं असेल तर ऑर्केस्ट्रा किंवा चेंबर म्युझिकमध्ये ज्यांनी बसवून घेतलं, ज्यांच्या गायकवृंदाला तुम्ही साथ केली, त्यांना विचारा. दुसऱ्यांचं ऐकत वाजवता येतं का, हे एकट्याच्या ऑडिशनमध्ये दिसत नाही.

शिक्षक नुकताच बदलला असेल तर जुन्या शिक्षकांना विचारायला संकोचू नका. चार महिन्यांच्या ओळखीवर मी काय लिहिणार? अशा वेळी मी स्वतः जुन्या मिसला फोन करून विनंती करते. नातेवाईक मात्र चालत नाहीत. आईच पियानो शिकवत असेल तरी पत्र दुसऱ्याचं हवं.

चांगलं पत्र म्हणजे नेमकं कसं? एखादं उदाहरण द्याल?

देते, आणि स्वतःच्या चुकीपासून सुरू करते. मी पहिल्यांदा लिहिलेल्या पत्राची प्रत अजून माझ्याकडे आहे. "अत्यंत गुणी, मेहनती, शिस्तप्रिय आणि नम्र विद्यार्थिनी. तिच्या वादनात परिपक्वता आहे. तिची शिफारस करताना मला अत्यंत आनंद होत आहे." नाव बदललं तर हेच पत्र बॅडमिंटनच्या शिबिरालाही चाललं असतं.

आता अलीकडचं एक उदाहरण घेऊ. मुलगी सतरा वर्षांची, अकराव्या वर्षापासून माझ्याकडे. तिची यादी नेहमीच्या साच्यातली होती: बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर'च्या पहिल्या भागातला सी मायनर प्रिल्यूड आणि फ्यूग, बेथोव्हेनचा ओपस 10 नंबर 3 सोनाटा, शोपँचा पहिला बलाड आणि ओपस 10 मधला चौथा एट्यूड. सगळं पाठ.

पत्र लिहायला बसले तेव्हा मी यादीतला एकच तुकडा निवडला: बेथोव्हेनच्या सोनाटाची दुसरी मूव्हमेंट, लार्गो ए मेस्तो. डी मायनरमधली, फार संथ, खालच्या पट्टीत जड कॉर्ड असलेली. ही मूव्हमेंट बोटांपेक्षा पेडलमध्ये फसते.

मुलीच्या घरी डिजिटल पियानो आहे. अठ्ठ्याऐंशी वजनदार पट्ट्यांचा, तसा बरा. पण त्याच्याबरोबर आलेलं पेडल म्हणजे नुसतं बटण: एक तर पूर्ण दाबलेलं, नाही तर पूर्ण सुटलेलं. खऱ्या पियानोवर पेडल अर्धं, पाव दाबता येतं, डॅम्पर तारांना जेमतेम टेकवता येतात. लार्गोमध्ये सगळी गंमत तिथेच आहे. घरी स्वच्छ वाजणारी मूव्हमेंट शनिवारी माझ्याकडच्या अपराइटवर आली की तिचा चिखल व्हायचा. शिवाय स्वर विरून जाईल या धास्तीने ती पुढे पळायची, त्यामुळे लार्गोचा अंदांते होऊन बसायचा.

तिने काय केलं? पहिले दोन आठवडे पेडलला पायच लावला नाही. स्वर बोटांनीच धरून ठेवायचे, त्यासाठी अर्धं फिंगरिंग बदललं. मग शनिवारी माझ्याकडे वाजवलेलं फोनवर रेकॉर्ड करून घरी नेलं, आठवडाभर ऐकलं आणि स्कोअरवर पेन्सिलीने खुणा केल्या: कुठे बास टिकायला हवा, कुठे वरचे स्वर धूसर होतात. पेडल खऱ्या पियानोवर आठवड्यातून दीडच तास मिळायचं, म्हणून त्या दीड तासात काय काय तपासायचं याची चिठ्ठी ती लिहून आणायची. सहाव्या आठवड्यात मूव्हमेंट उभी राहिली. मी तिला खुणा कुठे करायच्या ते सांगितलं नव्हतं. तीन-चार ठिकाणी माझं मत वेगळं होतं, आणि त्यातल्या दोन ठिकाणी तिचं बरोबर निघालं.

पत्राचा मधला, सर्वांत मोठा परिच्छेद म्हणजे एवढीच गोष्ट. त्याच्या आधी चार ओळी: मी कोण, मुलीला किती वर्षं, आठवड्यातून किती वेळ आणि काय शिकवते. त्यानंतर एक परिच्छेद वर्गाबाहेरचा, तिने धाकट्या मुलांना साथ केली त्याबद्दल. मग एक उणीव, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. शेवटी दोन ओळी: तिला आता कशा शिक्षणाची गरज आहे आणि ते मी का देऊ शकत नाही. मोठा ग्रँड रोज वाजवायला मिळणं आणि बरोबरीची मुलं आजूबाजूला असणं, या दोन गोष्टी माझ्या खोलीत नाहीत. हे लिहिताना कमीपणा वाटून घेऊ नये.

पत्र एका पानाचं झालं. सव्वा पान चालतं. दोन पानं झाली की मी दुसरं उदाहरण काढून टाकते.

घरी ग्रँड नाही, डिजिटल आहे, हे उघड करावं का? तोटा नाही होणार?

अंगावर ग्रँडची सवय नाही हे परीक्षकांना बहुधा पहिल्या पानातच कळतं. पत्रात कारण असेल तर तेच ऐकणं वेगळं होतं. मात्र रडगाणं लिहू नये. वाद्य कोणतं, खरा पियानो किती तास मिळतो, त्यातून काय साधलं, इतकंच. आमच्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, ट्यूनिंग उतरतं. तेही लिहायचं तर एका वाक्यात, आणि रेकॉर्डिंग जुलै-ऑगस्टमध्ये झालं असेल तरच.

ग्रेड 8 ला डिस्टिंक्शन आहे. पत्रात ठळक लिहू ना?

अर्जात वेगळी जागा असते, तिथे लिहा. आपल्याकडे एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड परीक्षांना फार वजन आहे, मुंबई-गोव्यात तर पिढ्यान् पिढ्या. पण ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटरीत ग्रेड 8 ही साधारण सुरुवातीची पायरी समजली जाते, आणि अमेरिकेतल्या प्राध्यापकाला ती परीक्षा नीट माहीत असेलच असं नाही. मी पत्रात मार्क लिहीत नाही, त्यांचा अर्थ लिहिते. "चौदाव्या वर्षी आठवी ग्रेड झाल्यावर तिने लगेच डिप्लोमाची घाई केली नाही, दोन वर्षं फक्त बाख आणि साइट-रीडिंग केलं." यातून मुलगी कळते.

उणीव लिहावी का?

लिहावी, पण सुधारत असलेली. वरच्याच मुलीचं सांगते. जूनमध्ये माझ्या घरी छोटी मैफल होती. फ्यूगच्या मध्यावर तिची मेमरी गेली. ती तीनदा मागे गेली, तीनदा तिथेच अडली, आणि शेवटी थेट शेवटच्या ओळीवर उडी मारली. नंतर लक्षात आलं की तिला फ्यूग फक्त हातांनी पाठ होता. हात एकदा थांबले की आत काही उरत नव्हतं. मग तिने फ्यूगचे तिन्ही आवाज, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तीन सुरावटी, सुटे सुटे पाठ केले, एक वाजवायचा आणि दुसरा गायचा. स्कोअरमध्ये आठ ठिकाणी खुणा केल्या आणि मी म्हणेन त्या खुणेपासून सुरू करायचा सराव केला. सप्टेंबरमध्ये पुन्हा वाजवलं तेव्हा एकदा अडखळली, पण पुढच्याच खुणेवर सापडली आणि ऐकणाऱ्या कुणाला कळलंही नाही.

हे मी पत्रात लिहिलं तेव्हा तिचे वडील घाबरले होते. पण असं आहे, मेमरी ऑडिशनलाही जाऊ शकते. गेलीच तर परीक्षकांना आधीच ठाऊक असेल की ही मुलगी यातून वर येते. जी उणीव अजून तशीच आहे, उदाहरणार्थ प्रॅक्टिसच करत नाही, ती मात्र मी लिहीत नाही. त्या मुलाला पत्रच देत नाही.

नकार कसा द्यायचा?

लवकर, तोंडी आणि स्पष्ट. "मी लिहिलेलं पत्र तुला उपयोगी पडणार नाही, दुसऱ्या कुणाला विचार." कोमट पत्र नकारापेक्षा वाईट, कारण त्याने अर्जातली एक जागा अडवलेली असते.

"मिस, मी लिहून आणतो, तुम्ही फक्त सही करा." चालेल?

आपल्याकडे कॉलेजांत, ऑफिसांत ही रीतच पडली आहे, त्यामुळे मुलं अगदी निरागसपणे विचारतात. माझं उत्तर नाही. कारण पहिलं म्हणजे फॉर्मवर आपण हे पत्र स्वतः लिहिल्याची ग्वाही देतो. दुसरं, सतरा वर्षांचा मुलगा स्वतःबद्दल काय लिहील? "गुणी, मेहनती, शिस्तप्रिय." आणि त्याच्या निबंधातली वाक्यं पत्रात जशीच्या तशी उतरली तर दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये शेजारी असतात.

त्याऐवजी मला एक पान टिपणं द्या: पीसची अंतिम यादी, कुठे कुठे अर्ज, तारखा, आणि गेल्या वर्षभरात तुम्हाला सर्वांत जड गेलेल्या दोन गोष्टी. ही शेवटची ओळ मी मुद्दाम मागते. मला विसर पडलेली कितीतरी उदाहरणं तिथे सापडतात.

माझं इंग्रजी तेवढं चांगलं नाही. (एका शिक्षकांचा प्रश्न)

सर, साधी छोटी वाक्यं लिहा. आधी मराठीत लिहून काढलंत तरी हरकत नाही, मग एखाद्या जाणत्याकडून इंग्रजी तपासून घ्या, फक्त तो जाणता विद्यार्थ्याच्या घरातला नसावा. "शी प्रॅक्टिसेस विदाउट पेडल फर्स्ट" हे वाक्य अलंकारिक तीन ओळींपेक्षा जास्त बोलतं.

फॉर्मवर टक्केवारीचा तक्ता आहे: पहिल्या 1 टक्क्यात, 5 टक्क्यांत, 10 टक्क्यांत. सगळीकडे वरचंच खूण करू का?

हिशेब करून बघा. मी आजवर साधारण एकशे चाळीस मुलांना शिकवलं. त्यातला 1 टक्का म्हणजे एक, फार तर दोन. ही खूण माझ्या आयुष्यात दोनदाच करता येईल आणि एकदा करून झाली आहे. 5 टक्के म्हणजे सात मुलं. वरच्या मुलीला मी संगीताच्या समजेत 5 टक्क्यांची खूण केली, मेमरीत 10 ची. सगळे रकाने वरचेच असले की तक्ता कुणी वाचत नाही. पत्रात मी आकड्यामागचा गट सांगते: किती मुलं, कोणत्या वयाची, त्यातली किती कॉन्झर्व्हेटरीपर्यंत गेली. माझ्याकडून आजवर तीन गेली.

पत्र पाठवायचं कसं? विद्यार्थ्याच्या हातात द्यायचं का?

नाही. विद्यार्थी ऑनलाइन अर्जात शिक्षकाचा ईमेल भरतो, शिक्षकाला लिंक येते, शिक्षक पीडीएफ चढवतो. गोची अशी की काही ठिकाणी लिंक ईमेल भरताच सुटते आणि काही ठिकाणी विद्यार्थ्याने अर्ज दाखल केल्यावरच. त्यामुळे अर्ज शेवटच्या रात्री भरला तर शिक्षकाची लिंकही शेवटच्या रात्रीच येते.

अमेरिकेतल्या बऱ्याच कॉन्झर्व्हेटरींची मुदत 1 डिसेंबर असते. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे 11.59 वाजतात तेव्हा आपल्याकडे 2 डिसेंबरच्या सकाळचे 10.29 झालेले असतात, म्हणजे हातात थोडा वेळ जास्त असतो. पण त्यावर विसंबू नका. एकदा माझी लिंक स्पॅममध्ये पडून राहिली, मी बघितलंच नाही, आणि मुलगा बिचारा भिडेपोटी आठवण करेना. दोष माझाच. आता मुलांना सांगून ठेवलंय की ईमेल भरला की त्याच दिवशी फोन करा, मी फोनवर असतानाच स्पॅम बघते. आणि पत्रासाठी किमान सहा आठवडे आधी विचारा.

नावाबद्दल काही काळजी घ्यायची का?

हो, अर्जावर जे नाव तेच पत्रात, म्हणजे पासपोर्टवरचं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं, त्यामुळे तिकडे कधी कधी आडनावालाच नाव समजतात. आणि घरचं नाव! मी एका मुलीला सहा वर्षं सगळे म्हणतात त्या लाडाच्या नावानेच हाक मारत होते, पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात तेच उतरलं. पाठवायच्या आदल्या दिवशी दिसलं म्हणून वाचलो.

फॉर्ममध्ये "पत्र पाहण्याचा हक्क सोडता का" असं विचारलंय. काय निवडू?

अमेरिकेत 1974 च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं पाहता येतात. शिफारसपत्रही त्यात येतं, पण तिथे प्रवेश घेतल्यावरच. तो हक्क आधीच सोडायचा की राखायचा, हे फॉर्म विचारतो. मी मुलांना सोडायला सांगते. विद्यार्थी वाचणार असेल तर शिक्षक हात राखून लिहितो, असा वाचणाऱ्याचा समज होतो.

यातून आई-वडिलांशी थोडं वाजतं. "मॅडम, एकदा फक्त नजर टाकतो." मी नाही म्हणते, पण त्यात कोणतं उदाहरण आहे ते तोंडी सांगते. मेमरीचा प्रसंग मुलीला आणि तिच्या वडिलांना आधी सांगूनच लिहिला होता. कुणाला धक्का बसेल असं काही पत्रात नसावं.

सगळीकडे एकच पत्र पाठवलं तर?

पत्राचा गाभा एकच ठेवा. पण "आपल्या संस्थेत" असं लिहून वर भलत्याच संस्थेचं नाव राहिलं, हा अपघात नेहमीचा आहे. मी संस्थेचं नाव घालतच नाही. अपवाद एकच: विद्यार्थ्याने तिथल्या एखाद्या प्राध्यापकाकडे ट्रायल लेसन घेतला असेल, तर त्या लेसननंतर त्याच्या वाजवण्यात काय बदललं हे त्या एका पत्रात लिहिते.

ब्रिटनसाठी काय वेगळं?

तिथल्या बहुतेक कॉन्झर्व्हेटरींचा अर्ज यूकॅस कॉन्झर्व्हेटॉयर्स या एकाच यंत्रणेतून जातो. लंडनची गिल्डहॉल मात्र स्वतःचा वेगळा अर्ज घेते. संगीताची मुदत फार लवकर, ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांतच असते, त्यामुळे अमेरिकेच्या हिशेबाने चालणारी मुलं इथे हमखास चुकतात. दोन संदर्भ लागतात: एक शाळा-कॉलेजातल्या अभ्यासाबद्दल आणि एक वादनाबद्दल. पियानो शिक्षकाने दुसराच लिहायचा, बारावीच्या अभ्यासावर शेरे मारायचे नाहीत. सूरही थोडा आवरता ठेवा. अमेरिकेच्या पत्रात खपणारं कौतुक तिकडे जरा जास्त गोड लागतं.

पत्र गेल्यानंतर यादीतला पीस बदलला. आता?

एकदा चढवलेलं पत्र सहसा बदलता येत नाही. म्हणून मी सुरुवातीलाच अंतिम यादी मागते आणि ज्या पीसबद्दल लिहिणार तो बदलायचा नाही असं ठरवून घेते. प्रीस्क्रीन आणि प्रत्यक्ष ऑडिशन यांच्या मधल्या काळात बदल झालाच, तर विद्यार्थ्याने प्रवेश कार्यालयाला स्वतः दोन ओळींचा ईमेल करावा. वरच्या मुलीने जानेवारीत बलाडऐवजी दुसरं काही घ्यायचं मनात आणलं होतं. बलाड बदलायला माझी ना नव्हती. लार्गोला हात लावू नकोस, एवढंच मी तिला सांगितलं.